टोचणीच्या कार्डावरील तारखा

पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे हा रिवाज बुलढाणा जिल्ह्यातही आहे. बाळंतीण मेहकर तालुक्यातील आपल्या गावी, तर बाळाचा पिता नोकरीनिमित्त पुण्यास, असे पुष्कळदा घडते. मग केव्हा तरी मेव्हणी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाचे छायाचित्र काढून मोबाईलवर धाडते आणि विचारते, ‘भाऊजी, पुढची टोचणी केव्हा?’ चौकटी, आकडे आणि आरोग्यसेविकेचे घाईचे अक्षर पाहून नवा पिता गोंधळतो. वस्तुतः हे कार्ड वाचण्याची एक ठरीव रीत आहे.

सरकारी माता व बाल संरक्षण कार्डात आईचाही हिशेब असतो. गरोदरपणी आईला दिलेल्या धनुर्वाताच्या लशीच्या तारखा त्याच कार्डात असतात. म्हणून प्रथम बाळाचे पान कोणते ते पाहावे आणि त्याची जन्मतारीख निराळ्या कागदावर उतरून घ्यावी. बाळाच्या पानावर जन्मतः, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने असे टप्पे असतात. यांतील ‘दीड महिना’ हा बोलीतला शब्द आहे. त्याचा खरा अर्थ सहा आठवडे, म्हणजे 42 दिवस. तद्वत अडीच महिने म्हणजे दहा आठवडे व साडेतीन महिने म्हणजे चौदा आठवडे. पंचांगातले महिने मोजू गेल्यास काही दिवसांचा फरक पडतो आणि कार्डावरची तारीख चुकली की काय, अशी उगाच शंका येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बाळाचा जन्म 5 मार्च 2025 चा. कार्डावर ते 5/3/25 असे लिहिलेले असते. आपल्याकडे आधी दिवस व मग महिना लिहिण्याची पद्धत आहे. ती उलटी धरल्यास बाळाचा जन्मच दोन महिने पुढे जाईल. जन्मानंतरच्या चौकटीत क्षयाची बीसीजी, तोंडावाटे पोलिओची ‘शून्य’ मात्रा व काविळीची हिपॅटायटिस-बी यांपुढे तारखा आहेत. पोलिओची मोजणी अशी शून्यापासून होत असल्यामुळे पुढे ‘पोलिओ 1’ अशी जी नोंद येते, ती प्रत्यक्षात दुसरी खेप असते. एक मात्रा गहाळ झाली असे समजू नये.

जन्मतारखेवरून हिशेब केला तर सहा आठवडे 16 एप्रिल रोजी भरतात. परंतु घरचे लग्नकार्य व प्रवास यांत तो दिवस टळला. छायाचित्रात दीड महिन्याच्या ओळीपुढे जी तारीख दिसते ती 7/5/25 आहे की 1/5/25, हे कळत नाही, कारण सात व एक हे आकडे घाईत लिहिले की सारखेच दिसतात. शेजारी ‘पुढील तारीख 4/6/25’ अशी नोंद मात्र स्पष्ट आहे. शंका निरसण्यास ही नोंदच उपयोगी पडते. पेंटाव्हॅलंट, पोलिओ व रोटाव्हायरस यांच्या लागोपाठच्या दोन मात्रांत निदान चार आठवडे, म्हणजे 28 दिवस जावे लागतात. 4 जूनपासून 28 दिवस मागे मोजले की 7 मे येतो. 1 मेपासून 28 दिवस पुढे मोजले असते, तर 29 मे ही तारीख आली असती. अर्थात तो आकडा सातच होय. आणखी एक ताळा पाहता येतो. चार आठवड्यांनी वार बदलत नाही. 7 मे हा बुधवार, 4 जून हाही बुधवार. त्या गावचे लसीकरण सत्र बुधवारी भरत असेल, तर वाचन बरोबर आहे याची खात्री पटते.

याच ठिकाणी नवा पिता एक चूक करतो. तो जन्मतारखेवरून दहा आठवडे मोजतो, 14 मे ही तारीख काढतो आणि ती तर हुकली म्हणून घाबरतो. परंतु पहिली मात्रा उशिरा झाली की दुसरीची तारीख जन्मापासून मोजावयाची नसते. पहिली ज्या दिवशी खरोखर दिली त्या दिवसापासून मोजावयाची असते. म्हणून 4 जून हेच बरोबर. उशीर झाला एवढ्यावरून पहिली मात्रा वाया जात नाही आणि सारे पुन्हा प्रारंभापासून करावे लागत नाही. 4 जूनला दुसरी मात्रा झाली, तर तिसरी 2 जुलैला. दुसरी 11 जूनला झाली, तर तिसरी 9 जुलैला. कार्डावर लिहिलेली पुढील तारीख ही ‘याच्या आधी नको’ अशी मर्यादा आहे. त्या दिवशी जाणे उत्तम. चार दिवस उशीर झाला तरी जावे, परंतु आधी जाऊ नये.

मोकळ्या चौकटीचेही सर्व अर्थ एक नाहीत. अडीच महिन्यांच्या ओळीत न्यूमोकॉकल लस व टोचावयाची पोलिओ लस ही नावे आढळत नाहीत, कारण त्या दीड व साडेतीन महिन्यांना आणि नंतर नऊ महिन्यांना द्यावयाच्या असतात. जन्मतःची हिपॅटायटिस-बी 24 तासांच्या आत द्यावयाची असते. ती राहून गेली तर ती चौकट कायमचीच रिकामी राहते, पुढे पेंटाव्हॅलंटमधून त्या रोगाविरुद्धची लस मिळते. जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच देतात. तिच्या चौकटीविषयी सेविकेलाच विचारावे. आणि पल्स पोलिओच्या दिवशी दिलेले थेंब कार्डावरील नियमित मात्रांत धरावयाचे नसतात; ते मिळाले म्हणून ‘पोलिओ 2’ झाला, असा अर्थ होत नाही.

छायाचित्राचे स्वतःचे दोष निराळे असतात. घडीच्या रेघेवर आलेला आकडा दिसत नाही, कडेचा रकाना कापला जातो. तेव्हा कार्ड सपाट ठेवून, सावली न पाडता, प्रत्येक पानाचे स्वतंत्र चित्र मागवावे. ते केव्हा काढले हेही विचारावे. मेमध्ये काढलेल्या चित्रात जूनची नोंद नसणारच, आणि ती नाही म्हणून मात्रा चुकली असे ठरवणे अन्यायाचे होईल. खासगी दवाखान्याच्या कार्डावर कधी कुपीची चिकटपट्टी लावलेली असते. तीवरची तारीख औषधाची मुदत संपण्याची असते, बाळाच्या पुढच्या टोचणीची नव्हे.

एवढे करूनही एखादा आकडा लागत नसेल, तर अंदाजाने तो भरू नये. कार्डाचा एक प्रतिभाग आरोग्यसेविकेजवळ असतो व तिच्या नोंदवहीतही तीच तारीख असते. आजीच्या स्मरणापेक्षा ती नोंद अधिक विश्वासाची. आपल्या उदाहरणात मेव्हणीने उपकेंद्रात जाऊन एवढेच विचारावयाचे, की ‘पहिली पेंटा सात मेचीच ना?’ होकार आला, की पुण्याच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत 4 जूनभोवती वर्तुळ काढावे. तिसऱ्या खेपेचे वर्तुळ मात्र दुसरी प्रत्यक्ष झाल्यावरच काढावयाचे.

त्यापुढचा टप्पा गोवर-रुबेलाच्या पहिल्या मात्रेचा. ती नऊ महिने पुरे झाल्यावर, म्हणजे या बाळाच्या बाबतीत 5 डिसेंबर 2025 पासून. येथे हिशेब पुन्हा जन्मतारखेवरूनच करावयाचा, कारण ही मात्रा मागच्या टोचणीवर नव्हे, तर बाळाच्या वयावर अवलंबून असते.