उत्तर न मागणारी भेट

लग्नात आहेर, बारशाला दुपटं-टोपडं, कुणी गेलं तर शेजारून पिठलंभात. कुठल्या प्रसंगी काय न्यावं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. घटस्फोटाची मात्र अशी रीत कुणी घालून दिलेली नाही. मैत्रिणीचं लग्न मोडतंय असं कळलं की हात रिकामे ठेवावेसे वाटत नाहीत, आणि काय न्यावं तेही सुचत नाही. मग कुणी ‘नवी सुरुवात’ असं लिहिलेला केक नेतं, कुणी मन घट्ट करायला शिकवणारी पुस्तकं नेतं, तर कुणी महागडी पर्स देऊन म्हणतं, ‘आता स्वतःसाठी जग.’ यातली बहुतेक माणसं प्रेमानंच वागतात. पण घटस्फोट झालाच आहे असं धरून ती चालतात, आणि चूक तिथेच होते.

घटस्फोट एका दिवसात होत नाही. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं तर दोघं निदान वर्षभर वेगळे राहत असावे लागतात. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर ६ महिन्यांनी, पण १८ महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन सांगायचं की आमचा निर्णय कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे ही सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, पण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. एकानंच अर्ज केला असेल आणि दुसऱ्याला तो मान्य नसेल, तर प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. कौटुंबिक न्यायालयाला तर समेटाचा प्रयत्न करून पाहणं कायद्यानंच बंधनकारक आहे. त्यासाठी तिथे समुपदेशक असतात.

म्हणजे आपली मैत्रीण ज्या काळातून जाते आहे, त्या काळात कायद्यानंसुद्धा दार उघडं ठेवलेलं असतं. ते आपण का लावावं? म्हणून भेट निवडताना मी एकच कसोटी लावते: उद्या ही दोघं पुन्हा एकत्र आली, तर ही वस्तू त्या घरात कुणालाही न ओशाळवता राहील का? ‘नवी सुरुवात’चा केक या कसोटीला उतरत नाही. ‘तो तुझ्या लायकीचाच नव्हता’ असं लिहिलेलं कार्ड तर मुळीच उतरत नाही. ते शब्द त्या घरात कायमचे राहतात आणि एक दिवस मैत्रीच तुटते. प्रेशर कुकर मात्र दोन्ही निकालांत कुकरच राहतो.

कुकरचं नाव सहज आलेलं नाही. जो माणूस घर सोडतो, त्याची सर्वांत मोठी अडचण पहिल्या महिन्यात भांड्यांची असते. समजा, एखादी मैत्रीण ठाण्याचं सासर सोडून डोंबिवलीला एका खोलीत भाड्यानं राहायला आली आहे. तिच्याजवळ कपड्यांच्या दोन बॅगा, कागदपत्रांची फाइल आणि लॅपटॉप आहे. लग्नातली भांडी तिकडेच आहेत. त्यातली कुणाची आणि कुणी दिलेली, याची यादी पुढे वकिलांच्या हातात जाणार आहे, त्यामुळे त्यांतली वाटीसुद्धा मागायची तिची इच्छा नाही. डिपॉझिट आणि भाडं भरून महिन्याचा पगार संपलेला आहे. रोज बाहेरून जेवण मागवायचं, तर पंधरा दिवसांत पैसेही जातात आणि पोटही बिघडतं.

तिला लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. तीन लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे दोन डबे, म्हणजे वरण आणि भात एकदम होतो. एक लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, एक कढई, चहाचं पातेलं आणि गाळणं, विळी नको, साधी सुरी, आणि दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले. दोन यासाठी की कुणी भेटायला आलं तर तिला धुवायला थांबायला लागू नये. गॅसची सोय हा वेगळा प्रश्न आहे. नव्या पत्त्यावर जोडणी घ्यायला पत्त्याचा पुरावा लागतो आणि तिचा पत्ता अजून जुनाच आहे. ५ किलोचा छोटा सिलिंडर मात्र नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. तो गॅस एजन्सीतून, आणि काही पेट्रोल पंपांवरही विकत घेता येतो. सिलिंडर आणि शेगडी ही दोन-तीन मैत्रिणींनी मिळून द्यायची भेट आहे, आणि ती पोचवून, रेग्युलेटर बसवून, गळती नाही ना हे साबणाच्या पाण्यानं तपासूनच निघावं.

सोबत भरलेला मिसळणाचा डबा द्यावा. हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग, मीठ आणि सातव्या वाटीत गोडा मसाला. नव्या घरात या गोष्टी एकेक करून आणताना माणसाला आपण शून्यापासून सुरुवात करतो आहोत हे सात वेळा जाणवतं. भरलेला डबा आला की तिला त्याच रात्री आमटी करता येते. नवी भांडी दुकानातून घेताना त्यांवर नाव घालून घ्यायची आपली सवय यावेळी सोडावी. तिचं माहेरचं नाव घालावं की सासरचं, हा प्रश्न तिचा आहे, आणि तो तिनं अजून सोडवलेला नसेल.

सामान पोचवताना काय बोलायचं हा खरा अवघड भाग आहे. घरी बसून चहा घ्यायचा आग्रह तिनं केला तर घ्यावा, नाहीतर दारातूनच परत फिरावं. ‘नेमकं काय झालं?’, ‘पैशांचं काय ठरलं?’, ‘घरच्यांना सांगितलंस का?’ हे प्रश्न भेटीची किंमत वसूल करतात. एक प्रश्न तर हसतहसत विचारला जातो आणि फार लागतो: ‘आम्ही लग्नात दिलेला मिक्सर कुणाकडे राहिला गं?’ सोबत चिठ्ठी ठेवायची तर दोन ओळी पुरतात: ‘सध्या लागेल म्हणून ठेवतेय. फोन करायची घाई नाही, तुला वाटेल तेव्हा बोलू.’ या चिठ्ठीत नवऱ्याचं नाव नाही, निवाडा नाही आणि तिच्याकडून काही मागितलेलंही नाही.

चिठ्ठी निरुपद्रवी असण्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. घटस्फोटाच्या प्रकरणांत व्हॉट्सॲपवरचे संदेश, फोटो, बँकेच्या नोंदी असं सगळं न्यायालयापुढे येऊ शकतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, खर्च, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं सांगितलं. त्यामुळे मैत्रिणीच्या खात्यात आपण प्रेमानं पाठवलेले लाखभर रुपये तिला कागदावर समजावून सांगावे लागतात. पैसे द्यायचेच असतील तर ते उसने आहेत की भेट, हे आधी दोघींनी स्पष्ट ठरवून लिहून ठेवावं आणि तिनं ते आपल्या वकिलाला सांगावं. मनाली किंवा गोव्याची सहलही प्रेमानंच दिलेली असते, पण तिथला फोटो कुणी समाजमाध्यमावर टाकला की ‘हिची तर चैन चाललीये’ असं म्हणायला समोरच्या पक्षाला आयतं निमित्त मिळतं. सहलीला न्यायचं असेल तर न्यावं, फोटो मात्र फोनमध्येच राहू द्यावेत.

तारखेच्या दिवशीची भेट वेगळी. कौटुंबिक न्यायालयात सकाळी हजर राहायचं, बोर्डावर आपला क्रमांक पाहायचा आणि पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. तो अकराला होईल की चारला, हे वकीलही सांगू शकत नाहीत. पुकारा चुकेल या भीतीनं माणूस जेवायला उठत नाही, आणि समोरच्या बाकावर ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस बसलेला असतो. अशा दिवशी कोरडा डबा द्यावा: तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली. उभ्यानं, एका हातानं खाता येईल असं. सोबत येऊ का, असं एकदा विचारावं आणि ‘नको’ म्हटलं तर पुन्हा विचारू नये. संध्याकाळी ‘काय झालं?’ असा संदेश पाठवण्यापेक्षा ‘रात्रीचं जेवण पाठवते, दारात ठेवून जाईल’ असा पाठवावा.

मूल असेल तर त्याला नवं खेळणं देण्याची घाई नको. त्या दिवसांत सगळेच नातेवाईक त्याला खेळणी देतात. त्याच्या खरं उपयोगी पडतो तो दुसरा संच: दात घासायचा ब्रश, घरात घालायचे कपडे, चपला, कंपासपेटी, तो पांघरतो तशीच पातळ गोधडी. या गोष्टी दोन्ही घरी असल्या की शनिवार-रविवारी एका घरातून दुसऱ्या घरी जाताना त्याला पाहुण्यासारखी बॅग उचलावी लागत नाही. आणि त्या मुलाला ‘आई काय म्हणते?’, ‘बाबा कसे आहेत?’ असं आडून विचारू नये. चौकशीचा सर्वांत वाईट प्रकार तो आहे.

हे सगळं मित्रालाही लागू आहे, आणि त्याच्या वाट्याला ते फार कमी येतं. पुरुषांच्या मैत्रीत अशा वेळची भेट ठरलेली: ‘चल, बसू.’ पहिल्या आठवड्यात ठीक, पण मुलाचा ताबा किंवा भेटीचा प्रश्न न्यायालयात असताना रोजचं बसणं त्याच्यावरच उलटू शकतं. त्याला रविवारी सकाळी टेकडीवर घेऊन जाणारा, आठवड्यातून दोनदा घरचा डबा पाठवणारा मित्र हवा असतो. त्यालाही भांडी लागतात, मिसळणाचा डबाही लागतो.

दोघंही आपल्याच ओळखीचे असतील, तर मी दोघांनाही द्यावं असं म्हणते. एकाला दिलेलं दुसऱ्यापासून लपवू नये आणि आपणहून सांगायलाही जाऊ नये. विचारलं तर ‘हो, दिलं’ एवढंच. एकाच्या घरी काय दिसलं, कोण आलं होतं, तब्येत कशी वाटली, ही माहिती दुसऱ्याकडे पोचवली की भेट घेऊन जाणारा बातमीदार होतो.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट अजून उरली आहे. घटस्फोटाचं कळलं की बाईचं नाव हळदीकुंकवाच्या यादीतून गुपचूप गळतं. ‘तिला वाईट वाटेल’ असं कारण दिलं जातं, आणि तिला वाईट वाटतं ते न बोलावल्याचं. संक्रांतीला वाण सगळ्यांना एकसारखंच असतं. त्यातला एक डबा, एक तिळाची वडी तिच्यासाठी असावी, आणि बोलावणं इतरांना जसं जातं तसंच, नेहमीच्या शब्दांत जावं. यायचं की नाही ते ती ठरवेल. येत्या संक्रांतीला यादी करायला बसाल तेव्हा तिचं नाव लिहा.