नवा राउटर, वायफायचं नाव मात्र जुनंच

इंटरनेट कंपनी बदलली की माणूस येतो, नवा राउटर भिंतीवर लावतो, फोनवर नेट सुरू झाल्याचं दाखवतो आणि निघून जातो. पण घरातला टीव्ही, प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा जुन्याच वायफायची वाट बघत बसतात. कॅमेऱ्याला ना पडदा ना बटणं. त्यात नवा पासवर्ड भरायचा म्हणजे ॲपमधून पुन्हा पहिल्यापासून सगळं करा.

हा खटाटोप बहुतेक वेळा टाळता येतो. फोन किंवा टीव्ही वायफाय ओळखतात ते त्याच्या नावावरून, पासवर्डवरून आणि सुरक्षेच्या प्रकारावरून. राउटर कोणत्या कंपनीचा आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून जुना राउटर काढण्याआधी त्याचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवा. Joshi_Ghar आणि joshi_ghar ही राउटरच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत.

आता नव्या राउटरच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाका. तो राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. इथे मागितला जातो तो ॲडमिन पासवर्ड, वायफायचा नव्हे. गोंधळ होतो तो इथेच. वायफायचा पासवर्ड नेट वापरण्यासाठी असतो, तर ॲडमिनचा राउटरच्या सेटिंग बदलण्यासाठी. दोन्ही सहसा त्याच स्टिकरवर छापलेले असतात.

आत गेल्यावर वायरलेसच्या पानावर SSID या रकान्यात जुनं नाव आणि त्याखाली जुना पासवर्ड भरा. सुरक्षेचा प्रकार WPA2 किंवा WPA2/WPA3 मिश्र ठेवा. फक्त WPA3 निवडलं, तर पासवर्ड बरोबर असूनही जुनी उपकरणं जोडली जात नाहीत. अनेक कॅमेरे फक्त 2.4 GHz वर चालतात, त्यामुळे तो पट्टा बंद करू नका. सेव्ह केल्याबरोबर तुमचा फोन तुटेल. घाबरू नका, नाव बदललं म्हणून तसं होतं. जुन्या नावाला पुन्हा जोडा.

जुना पासवर्ड सगळ्या सोसायटीला ठाऊक असेल, तर मात्र ही सोय सोडा आणि नवा, लांबलचक पासवर्ड घाला. तो किमान 8 अक्षरांचा लागतोच, पण 15-16 अक्षरांचा असेल तर उत्तम.

शेवटी ॲडमिन पासवर्डही बदला. तो admin असाच राहिला, तर तुमच्या वायफायवर आलेला कोणीही सेटिंगमध्ये शिरून तुम्हाला खोट्या संकेतस्थळांकडे वळवू शकतो. नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. विसरलात, तर रिसेटचं बटण दाबून धरावं लागतं. त्याने बाकी सेटिंगबरोबर कंपनीने भरून दिलेलं PPPoE लॉगिनही पुसलं जाऊ शकतं. मग वायफाय दिसतं, पण नेट येत नाही. म्हणून माणूस घरात असतानाच ते लॉगिनही त्याच्याकडून लिहून घ्या.