जिलबीच्या पोटात पाक कसा शिरतो?

जिलबी मधोमध मोडून आत कधी बघितलीय? नाही ना! बघायच्या आधीच गट्टम होते. पुढच्या वेळी जरा धीर धरा. जिलबी भरीव नसते, ती वाटोळी वळलेली नळी असते. आणि पाक त्या नळीत! तो आत शिरला कसा?

मांडव्याला आमच्या आजीकडे वर्षातून दोनदा जिलबी होते, 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला. एक वाटी मैदा, चमचाभर बेसन, दोन चमचे आंबट दही, लागेल तसं पाणी. गुठळ्या मोडून पीठ झाकून ठेवायचं. मग दह्यातले जिवाणू ते आंबवतात. त्यांच्या जोडीला यीस्टही असतं. कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ बुडबुड्यांनी भरतं. ऑगस्टच्या उबेत हे काम एका रात्रीत होतं. जानेवारीत मात्र जिवाणू गारठतात, म्हणून आजी 24 तारखेलाच पीठ भिजवते.

रात्री दाट असलेलं पीठ आंबल्यावर पातळ होतं, कारण आंबटपणानं मैद्याची चिवट जाळी सैल पडते. मग आजी थोडा मैदा घालते आणि चमच्यातून धार सोडून बघते. धारेची रेघ क्षणभर दिसून विरली, की पीठ जमलं.

आता पसरट कढईत दोन बोटं तेल. (हे काम मोठ्यांचं. आपण लांबून बघायचं.) पिठाचा थेंब तेलात टाकायचा. तो तळाशी टेकून सावकाश वर आला पाहिजे. झटकन उसळला तर तेल फार तापलंय : धार नाचते, वेढे विस्कटतात. तळाशीच बसून राहिला तर जिलबी चपटी होते आणि तेल पिते.

भोकाच्या फडक्यातून वेढे घालताना हात तेलाच्या जवळ हवा. मोठा झाल्यावर मी एकदा ऐटीत उंचावरून धार सोडली. ती बारीक होऊन मधाच्या धारेसारखी स्वतःभोवतीच गुंडाळत गेली. कढईत गांडुळांची सभा! आजी शेवटी वेढ्यांवरून एक आडवी रेघ ओढते, म्हणून तिचे वेढे सुटत नाहीत.

तळताना बाहेरची साल आधी कडक होते. आतल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुगतात आणि नळी पोकळ होते. गरम जिलबी कोमट पाकात पडली, की आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि रिकाम्या जागेत पाक ओढला जातो. कुणी पिचकारी मारावी लागत नाही! पाक एकतारी हवा. फार घट्ट पाक आत शिरत नाही आणि पातळ पाकानं साल मऊ पडते.

ऑगस्टमध्ये समुद्रावरची दमट हवाही तेच करते. जिलबीतली साखर हवेतलं पाणी शोषते आणि कुरकुरीतपणा जातो. म्हणून 15 ऑगस्टला आजी कढई तापवते ती आम्ही झेंडावंदन करून घरी आल्यावरच.