एकाच गॅसवर आठ खोल्या

बाहेरचं एक मशीन, आत आठ खोल्यांतली आठ युनिट्स, आणि या सगळ्यांतून फिरणारा एकच गॅस. व्हीआरएफ म्हणतात त्या वातानुकूलन यंत्रणेची रचना इतकीच आहे. 1982 साली जपानच्या डायकिन कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. तेव्हा तिची जागा मोठ्या इमारतींत होती. आता दोन-अडीच हजार चौरस फुटांच्या कार्यालयांतही ती सर्रास दिसते, कारण आठ एसींची आठ मशीनं गच्चीवर किंवा डक्टमध्ये ठेवायला जागा कुणाकडेच उरलेली नाही. पण साध्या स्प्लिट एसीची सवय असलेला माणूस व्हीआरएफकडेही त्याच नजरेने पाहतो, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. स्प्लिटमध्ये ज्या खोलीची तक्रार, त्याच खोलीचा दोष. इथे तक्रार एका खोलीची असते आणि दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो.

पुण्यातलं एखादं सीएचं कार्यालय डोळ्यांपुढे आणू. स्वागतकक्ष, कर्मचाऱ्यांचा हॉल, पाच केबिन आणि टोकाला कॉन्फरन्स रूम. गच्चीवर 10 एचपीचं आउटडोअर, म्हणजे साधारण 8 टन. आतल्या आठ युनिट्सची बेरीज मात्र 10 टन. ही फसवणूक नव्हे. सगळ्या खोल्या एकाच वेळी पूर्ण थंडाई मागत नाहीत, या हिशेबावरच व्हीआरएफ उभं असतं, आणि बहुतेक कंपन्या 130 टक्क्यांपर्यंत अशी जोडणी चालवून घेतात. सोसायटीच्या टाकीवर सगळ्या घरांचे नळ असतात, पण सगळे एकदम उघडत नाहीत, तसंच हे.

आउटडोअरपासून तांब्याचे दोन पाइप निघतात. बारीक पाइपातून द्रवरूप गॅस आत येतो, जाड पाइपातून वायुरूप गॅस परत जातो. वाटेत वाय जॉइंट लावून प्रत्येक खोलीकडे फांदी काढलेली असते. खरी करामत आहे ती इनडोअरमधल्या छोट्या व्हॉल्व्हची. त्याला विजेवर चालणारी, पायरी-पायरीने फिरणारी मोटर असते आणि ती एक सुई वरखाली करून त्या खोलीला किती द्रव द्यायचा ते ठरवते. ठरवण्याचा आधार म्हणजे कॉइलच्या दोन पाइपांवर बसवलेले सेन्सर. कॉइलमध्ये शिरणारा पाइप 7 अंश असेल, तर बाहेर पडणारा 12 अंशांच्या आसपास असावा. या पाचेक अंशांच्या फरकाला सुपरहीट म्हणतात. फरक वाढला तर गॅस कमी पडतोय, व्हॉल्व्ह उघडा. कमी झाला तर जास्त येतोय, व्हॉल्व्ह आवळा. तिकडे आउटडोअरमधला इन्व्हर्टर कॉम्प्रेसर परत येणाऱ्या गॅसच्या दाबावर लक्ष ठेवतो. मागणी वाढली की दाब वाढतो आणि तो वेग वाढवतो. मागणी घटली की मंदावतो.

आता तक्रार. कॉन्फरन्स रूम सकाळी थंड होते, दुपारी तीननंतर 28 अंशांच्या खाली उतरत नाही. मेकॅनिक येतो, फिल्टर धुतो, गच्चीवर गेज लावतो. गेज 125 पीएसआय दाखवतं. आर-410ए गॅससाठी हा दाब अगदी ठीक, म्हणून तो 'गॅस ओके' असं लिहून जातो. ही इथली सर्वांत महागडी चूक. कॉम्प्रेसर तो दाब स्वतःच सांभाळत असतो. गॅस कमी असला तर तो हळू चालतो आणि दाब आहे तिथेच ठेवतो. साध्या एसीत खरं बोलणारं गेज इथे बराच काळ काहीच सांगत नाही.

सांगतात ते आतले आकडे. रिमोटच्या सर्व्हिस मोडमध्ये किंवा आउटडोअरला लॅपटॉप जोडून ते पाहता येतात, आणि देखभालीचा करार केलेल्या प्रत्येक कार्यालयाने ते मागायलाच हवेत. कॉन्फरन्स रूमचे आकडे असे निघाले असं धरू: शिरणारा पाइप 7 अंश, बाहेर पडणारा 22, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. म्हणजे सुपरहीट 15. व्हॉल्व्ह सताड उघडूनही गॅस पोचत नाही. फिल्टर तुंबला असता किंवा पंखा मंद झाला असता तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं: हवा कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेला. एवढ्या एका नोंदीने निम्मे अंदाज गळून पडतात.

पुढचा प्रश्न शेजारच्या खोल्यांचा. आउटडोअरजवळच्या केबिनचे आकडे चांगले, टोकाकडे जावं तसे व्हॉल्व्ह अधिकाधिक उघडे आणि सुपरहीट वाढता. हे एका खोलीचं दुखणं नाही, पूर्ण यंत्रणेतच गॅस कमी आहे. टोकाच्या खोलीला आधी फटका बसतो याला कारण आहे. गॅस पुरेसा असतो तेव्हा बारीक पाइपात निखळ द्रव असतो. तो कमी झाला की लांबच्या प्रवासात दाब उतरतो आणि द्रवात बुडबुडे होतात. व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बुडबुड्यांसकट फारच थोडा गॅस पुढे जातो. मे महिन्याच्या दुपारी सगळ्या खोल्या सुरू असताना मशीनच लहान पडत असेल, तर मात्र सगळीकडे थोडी थोडी थंडाई घटते. एकट्या टोकाच्या खोलीवर कोसळत नाही.

मग गॅस भरायचा, पण किती? आउटडोअर कारखान्यातून स्वतःपुरता गॅस घेऊन येतं, तो आकडा त्याच्या पाटीवर असतो. साइटवरच्या पाइपांसाठी वरून भरावा लागतो, आणि त्याचा हिशेब बारीक पाइपाच्या लांबीवर होतो. एका प्रचलित हिशेबात 9.5 मिमीच्या पाइपाला दर मीटरमागे 0.059 किलो आणि 6.4 मिमीच्या पाइपाला 0.022 किलो धरतात. कंपनीगणिक त्यात फेरफार असतो. आपल्या कार्यालयात पहिल्या प्रकारचा पाइप 30 मीटर आणि दुसऱ्याचा 40 मीटर असेल, तर 1.77 अधिक 0.88, म्हणजे 2.65 किलो. पाटीवर 7 किलो असतील तर एकूण 9.65. जोडणीच्या वेळी हा आकडा आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या लेबलवर लिहायचा असतो. ते लेबल कोरं राहिलं, की पुढचा प्रत्येक मेकॅनिक अंदाजाने गॅस मारतो आणि मालक दर उन्हाळ्यात टॉप-अपचे पैसे भरतो.

बरोबर पद्धत कष्टाची आहे, तरी तीच करावी. सगळा गॅस सिलिंडरमध्ये काढून वजन करायचं. 7.2 किलो निघाला, तर अडीच किलोच्या आसपास कुठेतरी गेला आहे. मग यंत्रणेत नायट्रोजन भरून सुमारे 40 बार दाबावर चोवीस तास ठेवायचा. या दाबाला तापमानाच्या एका अंशामागे साधारण 0.1 बारचा फरक सहज पडतो, म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं तापमानही नोंदवायचं. नाहीतर रात्रीच्या गारव्याने उतरलेला काटा गळती म्हणून धरला जातो. काटा खरोखर पडला तर साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक फ्लेअर नट तपासायचा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे फॉल्स सीलिंगवर चढून पाहिलं तर गळक्या नटाभोवतीचं इन्सुलेशन चिकट आणि काळपट झालेलं दिसतं. तो नट बहुधा अशा केबिनमध्ये सापडतो जिथून एकही तक्रार आलेली नसते. पाव इंची फ्लेअर नटला साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर एवढाच आवळ लागतो. टॉर्क पाना न वापरता जोर लावून आवळला, की तांब्याची कड चिरते आणि वर्षा-दोन वर्षांनी बोलू लागते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने 500 मायक्रॉनपर्यंत हवा आणि ओल काढून, वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा.

टोकाकडच्या सगळ्या खोल्या ठीक आणि एकच खोली कोरडी, असं दिसलं तर संशय त्या खोलीच्या व्हॉल्व्हवर किंवा त्याआधीच्या जाळीवर घ्यावा. इथे एक खाच आहे. पडद्यावर दिसणारा व्हॉल्व्हचा आकडा म्हणजे बोर्डाने दिलेला हुकूम. सुई खरोखर हलली की नाही ते त्याला ठाऊक नसतं. ती अडकण्याचं नेहमीचं कारण जोडणीच्या दिवसातच असतं. पाइप ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडला नाही, तर तापलेल्या तांब्याच्या आत काळी पापडी धरते, पुढे ती सुटते आणि जाळीत नाहीतर सुईपाशी जाऊन बसते. उघड्या अवस्थेत अडकली तर उलटा प्रकार: खोली बंद असूनही गार, ग्रिलला दव, आणि द्रव थेट कॉम्प्रेसरकडे. तो द्रव तेल पातळ करतो आणि बेअरिंग खातो.

बंद खोलीतून अधूनमधून काही मिनिटं येणारा फुसफुस आवाज मात्र दोष नाही. लांब पाइपांत साठलेलं तेल परत आणायला आउटडोअर ठरावीक काळाने सगळे व्हॉल्व्ह उघडतं. पाणी गळणं हेही फार गूढ नसतं. ड्रेन पाइपाला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार हवा आणि पावसाळ्यात त्यातलं शेवाळ काढायला हवं. ट्रे भरला की फ्लोट स्विच त्या एका युनिटचा गॅस थांबवतो, बाकी खोल्या चालू राहतात.

सगळ्या खोल्या एकदम बंद पडल्या तर आधी वीज आणि संदेशाची तार पाहावी. एकच दोन पदरी तार आउटडोअरपासून खोलीखोलीला जोडत जाते. ती पॉवर केबलला चिकटून ओढली, की लिफ्ट किंवा इन्व्हर्टर सुरू होताच संदेश चुकतात आणि कधी येणारा, कधी न येणारा एरर दिसतो. त्याहून नेहमीचं म्हणजे आतली युनिट्स वेगवेगळ्या एमसीबीवर असणं. रिकामी केबिन आहे म्हणून शिपाई तिचा एमसीबी खाली पाडतो. रिमोटने बंद केलं असतं तर व्हॉल्व्ह मिटला असता; वीजच गेली, म्हणून तो जिथे होता तिथेच उघडा राहतो, आणि आउटडोअरला ते युनिट दिसेनासं झाल्याने आठही खोल्या थांबू शकतात. म्हणून एका यंत्रणेची सगळी इनडोअर एकाच सप्लायवर घ्यावीत.

आणि आउटडोअरचा मेन रात्री पाडू नये. कॉम्प्रेसरच्या तळाशी छोटा हीटर असतो, तो तेल कोमट ठेवून गॅसला त्यात विरघळू देत नाही. मेन बराच काळ बंद राहिला असेल, तर मशीन सुरू करण्याआधी किमान सहा तास वीज द्यावी. नाहीतर फेसाळलेलं तेल बाहेर फेकलं जातं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर सोमवारी दहाला कार्यालय उघडायचं असेल, तर मेन रविवारी संध्याकाळीच चालू करावा.