प्रतिमावर्णनातील सूक्ष्मतादर्शक शब्द

शब्दांत दिलेल्या वर्णनावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्र तयार करताना पोत, बारकावे व रेषांची स्पष्टता सुचविण्यासाठी जे शब्द वापरतात, त्यांस सूक्ष्मतादर्शक शब्द म्हणता येईल. मोठ्या आकाराच्या मुद्रणासाठी ते विशेषेकरून वापरले जातात.

या शब्दांनी चित्रातील पिक्सेलांची संख्या वाढत नाही. ‘८के’ असे लिहिल्याने, प्रतिरूपाला शिकविताना ज्या छायाचित्रांच्या वर्णनांत तो शब्द होता, त्यांच्या धाटणीकडे चित्र झुकते, एवढेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्टेबल डिफ्यूजन एक्सएल’ हे प्रतिरूप सुमारे १,०२४ × १,०२४ पिक्सेलांच्या चित्रासाठी घडविलेले आहे. त्यातून ८३२ × १,२१६ पिक्सेलांचे उभे चित्र काढून चौपट वाढविल्यास ३,३२८ × ४,८६४ पिक्सेल मिळतात. २४ × ३६ इंच कागदावर हे प्रमाण इंचास सुमारे १३५ पडते. निरोगी डोळ्यास एक मीटर अंतरावरून इंचास सुमारे ९० पिक्सेलांपलीकडचा भेद जाणवत नाही. म्हणून भिंतीवरील चित्रास हे प्रमाण पुरते. हातात धरून पाहावयाच्या चित्रास मात्र ते अपुरे ठरते.

सर्वसाधारण शब्दांचा मुख्य दोष असा, की त्यांचा परिणाम एका वस्तूपुरता राहत नाही. देवळासमोरील दगडी दीपमाळेचे चित्र हवे असता ‘अतिसूक्ष्म’, ‘अतिस्पष्ट’ असे शब्द एकापुढे एक जोडले, तर दगडाबरोबरच आकाश, जमीन व दूरची झाडेही सारख्याच पोताने भरून जातात. जवळचे व दूरचे यांतील भेद पुसला जातो आणि नजरेला विसावा उरत नाही. याऐवजी बारकावा कोठे हवा व तो कोणत्या प्रकाशामुळे दिसतो, हे सांगावे. उदा.,

```
weathered stone lamp tower, chisel marks,
low side light, plain evening sky
```

येथे छिन्नीच्या खुणा दगडापुरत्या राहतात, तिरप्या प्रकाशाने त्या उठून दिसतात आणि साधे आकाश त्यांना मोकळी पार्श्वभूमी देते.

गर्दीचे दुसरे कारण आकारवर्धनात असते. त्या वेळी चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा तेच वर्णन देऊन पुन्हा रंगविला, तर पुनर्रचनेची मात्रा फार असल्यास आकाशाच्या तुकड्यातही छोटी दीपमाळ उगवते. ही मात्रा ० ते १ या मापनात साधारणतः ०·२ ते ०·३ ठेवतात व तुकड्यांसाठी वर्णन आखूड करतात.

परीक्षेसाठी चित्र प्रथम टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. मुख्य वस्तू चटकन ओळखू आली नाही, तर बारकावे जास्त झाले आहेत असे समजावे. नंतर आकाशासारखा मोकळा भाग पूर्ण आकारात तपासावा. तेथे कणीदार पोत किंवा कडांभोवती पांढरी किनार दिसल्यास सूक्ष्मतादर्शक शब्द व स्पष्टतावर्धन दोन्ही कमी करावी लागतात.