दारातलं रडणं

आरे कॉलनी, जून

प्रिय पालकहो,

दारात मूल तुमचा पदर सोडत नाही, याचा अर्थ ते लाडावलंय असा नाही. आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे, हे चार वर्षांच्या मुलाला पक्कं कळतं. कळत नाही ती वेळ. ‘एक वाजता येते’ यातला एक म्हणजे किती लांब? त्यापेक्षा ‘डबा खाल्ला, गोष्ट ऐकली, की मी दारात’ असं सांगा. तो क्रम त्याला मोजता येतो.

खेळात गुंतल्यावर गुपचूप सटकू नका. त्या दिवशी रडणं टळतं, पण दुसऱ्या दिवशी मूल खेळायलाच बसत नाही, दारावर पहारा देतं. एकच पापा, एकच ‘येते हं’, आणि निघा. खिडकीतून पुन्हा डोकावलात, की रडल्यावर आई परतते हे ते शिकतं.

तारा मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीत बालवाडी काढली आणि पुढे ती मुलांच्या अंगणातच नेली. आम्हाला ते जमत नाही. घराची सोबत म्हणून घरचा एखादा रुमाल मात्र मुलाबरोबर जरूर पाठवा.

सुट्टीनंतर रडणं परततं, तेही ओसरतं. चार आठवड्यांनंतरही ते दिवसभर चाललं, रोज सकाळी पोट दुखू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या बालवाडीच्या बाई