कोरा तक्ता आपला, दर ठेकेदारांचे

सोसायटीच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठरला, की तीन ठेकेदारांना ‘कोटेशन पाठवा’ एवढाच निरोप जातो. मग प्रत्येकजण आपापल्या सोयीने लिहितो. एक उदाहरण घेऊ. भिंती २०,००० चौरस फूट. पहिला २२ रुपये फूट म्हणतो, दुसरा ३० रुपये आणि तिसरा एकरकमी ५ लाख २० हजार. सभेत पहिल्याच्या नावाला माना डोलतात. पण त्याच्या पत्रात तळाशी परांचीचे एक लाख आणि १८ टक्के जीएसटी वेगळा लिहिलेला असतो. तो हिशेब ६,३७,२०० रुपयांवर जातो. दुसऱ्याच्या दरात सगळं धरलेलं असल्याने त्याचे सहा लाखच होतात. तिसऱ्याने रंगाचा एकच हात धरलाय, म्हणजे त्याचं काम मुळात वेगळंच आहे.

म्हणून तक्ता आपण करायचा आणि त्यांनी फक्त दर भरायचे. भिंतींचं माप आपण आधी घ्यावं आणि खिडक्यांची जागा वजा केली की नाही, हे लिहून द्यावं; नाहीतर प्रत्येकाचे चौरस फूट निराळे निघतात. रंगाची कंपनी, नेमका प्रकार, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन, हेही आपणच ठरवावं. परांची, तडे भरणं आणि रंगकाम यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात आणि जीएसटीचा रकाना स्वतंत्र असावा. आगाऊ रक्कम किती, दर किती दिवस कायम, हमी किती वर्षांची, हे सगळ्यांना सारखंच विचारावं. कुणाला वेगळा उपाय सुचवायचा असेल, तर तो जोडपत्रात. तक्त्यात खाडाखोड नको. एकाने शंका विचारली, तर उत्तर तिघांनाही लेखी जावं.

एवढं करूनही एका जागी फसगत होऊ शकते. भिंतीत तडे नेमके किती, हे परांची चढल्याशिवाय कळत नाही. आपण अंदाजाने ५०० रनिंग फूट लिहितो. मुरलेला ठेकेदार रंगाचा दर इतरांपेक्षा दोन रुपयांनी कमी लावतो आणि तडे भरण्याचा दर ४० ऐवजी ९० टाकतो. कागदावर तो १५ हजारांनी स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात तडे २,००० फूट निघाले, की तोच ६० हजारांनी महाग पडतो. हे ओळखायला एकूण बेरीज पुरत नाही. एकेका ओळीचे तिघांचे दर शेजारी मांडावे लागतात. एखादा दर इतरांच्या दुप्पट दिसला, तर कारण विचारावं आणि अंदाजी माप चौपट धरून बेरीज पुन्हा करावी.

या दोन्ही बेरजा सभेच्या नोटिशीसोबत सभासदांना पाठवा आणि ठेकेदार त्यानंतरच ठरवा.